भाड्याच्या रकान्यातलं शून्य

‘रस्त्यालगतचा गाळा भाड्याने देणे आहे, 180 चौरस फूट, वीज-पाण्याची सोय.’ मालमत्तेच्या एखाद्या पोर्टलवर अशी जाहिरात टाकली की पहिल्या दोन दिवसांत दलालांचे फोन येतात. मागोमाग कुणी मोबाइल दुरुस्तीवाला येतो, कुणी मेडिकलवाला येऊन जागा बघून जातो. अलीकडे यात एका ईमेलची भर पडली आहे. ते भाडं विचारणाऱ्याचं नसतं. ते चहाच्या, वडापावच्या, मिसळीच्या किंवा सँडविचच्या एखाद्या छोट्या ब्रँडचं असतं आणि गाळामालकाला थेट भागीदार व्हायचं निमंत्रण देतं.

त्याचा मजकूर साधारण असा असतो: ‘नमस्कार सर, आपली जागा आमच्या टीमने निवडली आहे. आमची 40 आउटलेट सुरू आहेत. फ्रँचायझी फी 3 लाख, दुकान उभारणी साडेचार लाख. रॉयल्टी शून्य. रोजचे 600 कप, कपाचा दर 12 रुपये, म्हणजे महिन्याची विक्री 2,16,000. त्यातून कच्चा माल 40 टक्के, पगार 30 हजार, वीज-गॅस 12 हजार, किरकोळ 5 हजार. भाडे 0, कारण जागा आपली स्वतःची! निव्वळ नफा दरमहा 82,600. गुंतवणूक नऊ-दहा महिन्यांत परत. आपल्या भागात एकच भागीदार नेमायचा आहे, म्हणून लवकर कळवावे.’

आकडे ब्रँडगणिक बदलतात, साचा तोच राहतो. हे पत्र फसवणुकीचंच असेल असं धरायचं कारण नाही. ते पाठवणारा ब्रँड खरा असतो, चहा चांगला असतो, मालक कष्टाळू असतो. त्याला गाळामालकच का हवा असतो, हे आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं पत्र वाचता येतं.

खाण्याच्या छोट्या धंद्यात दुकान उघडताना सगळ्यात जास्त पैसा जागेत अडकतो. मोक्याच्या गाळ्याला सहा महिने ते वर्षभराच्या भाड्याइतकी अनामत द्यावी लागते. दुकान चालो न चालो, भाडं दर महिन्याला जातंच, आणि दुकान चालायला लागलं की करार संपताना मालक भाडं वाढवून मागतो. ज्या ब्रँडकडे भांडवल थोडं आहे त्याला स्वतःच्या पैशाने चाळीस ठिकाणी अनामत भरणं शक्य नसतं. भाड्याची जागा घेऊन फ्रँचायझी चालवणारा माणूस दोन-चार मंदीचे महिने आले की शटर ओढतो, कारण भाड्याचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. जागा स्वतःची असलेला माणूस मात्र तग धरतो. त्याला कुणी बाहेर काढणार नसतं, आणि दर महिन्याचं नुकसान त्याला दिसत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. ब्रँडच्या दृष्टीने असं आउटलेट टिकाऊ असतं, आणि यादीत चाळीसचा आकडा चाळीसच राहतो.

म्हणून पत्रातली ‘भाडे 0’ ही ओळ सगळ्यात नीट वाचायची. हा गाळा बाजारात 18 हजारांना जात असेल, तर स्वतःचं दुकान काढल्या दिवसापासून मालक दरमहा 18 हजार रुपये त्या दुकानात घालतो आहे. पैसे खिशातून जात नाहीत, खिशात यायचे थांबतात. हिशेबाला दोन्ही सारखेच.

साताऱ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या रस्त्यावर असा गाळा आहे असं धरून हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. गाळा आणि त्याचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; आपल्या गावचे दर घालून कुणालाही ते बदलता येतील.

आधी एका कपाचा खर्च. पत्रात माल 40 टक्के म्हटला आहे, म्हणजे 12 रुपयांच्या कपात 4 रुपये 80 पैसे. छोट्या कपाला अमृततुल्य पद्धतीच्या चहात साधारण 50 मिलीलिटर दूध जातं. दूध 60 रुपये लिटर धरलं तर तेच 3 रुपये झालं. साखर आठ ग्रॅम, म्हणजे 36 पैसे. कागदी कप 50 पैसे. आणि चहा-मसाल्याची तयार पावडर अडीच ग्रॅम. ही पावडर ब्रँडकडूनच घ्यायची असते, करारात तशी सक्ती असते. तिचा दर किलोला 600 रुपये असेल तर कपामागे दीड रुपया. बेरीज 5 रुपये 36 पैसे. उतू गेलेलं दूध, थंड होऊन ओतून दिलेला चहा, ओळखीच्यांना दिलेला चहा हे धरून साडेपाच रुपये. पत्रातल्या आकड्यापेक्षा कपामागे 70 पैसे जास्त. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण महिन्याला दहा-अठरा हजार कपांनी गुणलं की त्यात एका मदतनीसाचा पगार निघतो.

‘रॉयल्टी शून्य’ याचा अर्थही इथेच लागतो. त्याच प्रतीची पावडर आणि मसाला बाजारात 360 रुपये किलोने मिळत असेल तर ब्रँड किलोमागे 240 रुपये ठेवतो. महिन्याला साडेदहा हजार कप विकले तर सव्वासव्वीस किलो पावडर लागते, म्हणजे 6,300 रुपये ब्रँडकडे जातात. त्या महिन्याची विक्री असते 1,26,000. हे नेमके पाच टक्के झाले. रॉयल्टी आहेच, फक्त ती पावडरीच्या पाकिटातून घेतली जाते. यात अयोग्य काही नाही, ब्रँडने त्याच्या नावाचे आणि चवीचे पैसे घ्यायलाच हवेत. अडचण एवढीच की उघड रॉयल्टीचा टक्का करारात लिहिलेला असतो, तर पावडरीचा दर ब्रँडला केव्हाही वाढवता येतो. म्हणून पत्राला उत्तर देताना पहिला प्रश्न हा असावा: सक्तीने घ्यायच्या प्रत्येक वस्तूचा आजचा दर काय, आणि तो वर्षाला जास्तीत जास्त किती वाढेल हे करारात लिहून देणार का?

आता 600 कप. दुकान सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत उघडं राहिलं तर चौदा तासांत 600 कप म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एक. प्रत्यक्षात विक्री अशी सपाट नसते. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात या सहा तासांत बहुतेक धंदा होतो, त्यामुळे त्या वेळात तासाला साठ-सत्तर कप निघावे लागतात. काही दुकानांत ते निघतातही. आपल्या रस्त्यावर ते निघतील का, हे पुण्यात बसून पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. कॉलेजच्या रस्त्यावरचा धंदा एप्रिल-मे महिन्यांत आणि दिवाळीच्या सुट्टीत अर्ध्यावर येतो. उन्हाळ्याच्या दुपारी चहाचं गिऱ्हाईक उसाच्या रसाकडे वळतं. वर्षाची सरासरी काढली तर बऱ्या रस्त्यावर 350 कप हा निराशेचा आकडा म्हणता येणार नाही.

350 कपांचा महिना मांडू. विक्री 1,26,000. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. (त्याच पॅनवर इतर दुकानांचं भाडं वा दुसरा व्यवसाय असेल तर ती उलाढाल यात मिळवावी लागते, हे विसरू नये.) माल साडेपाच रुपयांच्या हिशेबाने 57,750. चहा करणारा कारागीर 16 हजार आणि कप देणारा मदतनीस 12 हजार, मिळून 28 हजार. गॅस आणि वीज 11 हजार. पाणी, साफसफाई, दुरुस्ती, हिशेबनीस 5 हजार. एकूण खर्च 1,01,750. उरले 24,250.

पत्रातल्या 82 हजारांपुढे हा आकडा लहान आहे, तरी नफा दिसतो. आता भाड्याच्या रकान्यातलं शून्य पुसून तिथे 18 हजार लिहू. उरले 6,250. गुंतवणुकीचं काय? पत्रात साडेसात लाख म्हटलं होतं. त्यावर 18 टक्के जीएसटी असतो, तो बहुधा पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. तो धरून 8,85,000 होतात. एवढे पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला पाच हजारांच्या वर व्याज आलं असतं. तेही वजा केलं की उरतात हजार-अकराशे रुपये. त्यात सकाळी सहाला शटर उघडणं, कारागीर न आल्यास स्वतः शेगडीपुढे उभं राहणं आणि रात्री गल्ला मोजणं आलं. चार-पाच वर्षांनी यंत्रं-फर्निचर बदलावं लागेल, त्याचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही.

कुणी म्हणेल, 350 कप धरून हिशेब मुद्दाम वाईट केला. मग ब्रँडचेच 600 कप घेऊ. विक्री 2,16,000. आता वर्षाची उलाढाल 25 लाखांच्या पुढे गेली, म्हणून खाद्यगृहाचा पाच टक्के जीएसटी आला. बारा रुपयांत तो धरलेला असल्यामुळे हाती येतात सुमारे 2,05,700. या पाच टक्क्यांच्या पद्धतीत भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फ्रँचायझी फीवर आणि यंत्रांवर भरलेला 18 टक्के कर परत येत नाही, तो खर्चातच राहतो. माल 99 हजार. एवढ्या गर्दीला तिसरा माणूस लागतो, म्हणून पगार 40 हजार. गॅस-वीज 15 हजार, किरकोळ 5 हजार. उरले सुमारे 46,700. भाडं वजा जाता 28,700. धंदा बरा आहे. पण 8,85,000 वसूल व्हायला या वेगाने अडीच वर्षांहून जास्त लागतात, आणि अशा पत्रांतले करार बहुतेकदा तीन किंवा पाच वर्षांचे असतात. करार तीन वर्षांचा असेल तर पैसे वसूल होतात न होतात तोच नूतनीकरणाची फी समोर येते.

पुण्याची जुनी अमृततुल्य दुकानं पिढ्यान्‌पिढ्या टिकली. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी ती चालवली. पितळी पातेल्यापुढे घरचाच माणूस बसायचा, चव त्याच्या हातात असायची आणि नावाची फी कुणाला द्यायची नसायची. त्या धंद्याचा नफा म्हणजे बऱ्याच अंशी घरच्या माणसांची मजुरी होती. तोच चहा पगारी कारागीर, सक्तीची पावडर आणि बाहेरच्या ब्रँडची फी घेऊन विकायचा म्हटला की त्या मजुरीचे तीन वाटे होतात. फ्रँचायझी घेणाऱ्याने घरातलं कोण रोज दुकानात उभं राहणार आहे, हे सही करण्याआधी ठरवलेलं असावं. ‘मालक फक्त देखरेख करेल’ असं पत्रात लिहिलेलं असेल, तर 350 कपांच्या दुकानात ती देखरेख परवडत नाही.

ब्रँडचा आकडा खरा की खोटा हे बाहेरच्या माणसाला तपासता येतं, आणि त्यासाठी फार मोठी युक्ती लागत नाही. पावडर ब्रँडकडूनच घ्यायची सक्ती असल्यामुळे प्रत्येक आउटलेटचे खरे कप पावडरीच्या बिलांत लिहिलेले असतात. 600 कपांना महिन्याला 45 किलो पावडर लागते. चालू असलेल्या आउटलेटवर जावं, एक-दोन चहा प्यावेत, मालकाशी बोलावं आणि विचारावं, ‘महिन्याला पावडर किती लागते हो?’ नफा किती, असं विचारलं तर माणूस आखडतो. पावडर किती, हे तो सहज सांगतो. उत्तर पंचवीस किलोच्या आसपास आलं तर तिथे साडेतीनशेच्या घरात कप जातात. पंधरा आलं तर दोनशे. ब्रँडलाही हेच लेखी विचारता येतं: मागच्या बारा महिन्यांत प्रत्येक आउटलेटने किती किलो पावडर उचलली? हा आकडा त्यांच्या संगणकात एका मिनिटात निघतो. तो द्यायला टाळाटाळ झाली तर 600 कप कुठून आले याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी गोष्ट बंद पडलेल्या आउटलेटांची. ‘40 सुरू आहेत’ या वाक्यात आजवर किती उघडली आणि किती बंद झाली हे कळत नाही. ऐंशी उघडून चाळीस उरलेला ब्रँड आणि बेचाळीस उघडून चाळीस उरलेला ब्रँड, दोघेही हेच वाक्य लिहितात. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी 23 प्रकरणांचं माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात दुकानं किती उघडली, किती बंद झाली, किती हस्तांतरित झाली याची तक्ते असतात, आणि सोडून गेलेल्या भागीदारांशी संपर्क कसा साधायचा हेही असतं. चीनमध्ये 2007 पासूनच्या नियमांनुसार ब्रँडची स्वतःची किमान दोन दुकानं वर्षाहून अधिक काळ चाललेली असल्याखेरीज त्याला फ्रँचायझी देता येत नाही. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. 1872 चा करार कायदा, ट्रेडमार्कचा कायदा आणि इतर सर्वसाधारण कायदे एवढ्यावरच भिस्त आहे. म्हणजे जे तिकडे कायदा आपणहून मिळवून देतो, ते इथे गाळामालकाला मागून घ्यावं लागतं. ब्रँडची स्वतःच्या पैशाने, भाड्याच्या जागेत चाललेली दुकानं किती आणि किती वर्षांची, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याने स्वतः भाडं भरून हा चहा नफ्यात विकलेला नाही, त्याच्या ‘भाडे 0’ला काहीच आधार नाही.

तिसरी तपासणी नावाची. तीन लाखांत मुख्यतः नावच विकत घेतलं जातं, तेव्हा ते नाव विकणाऱ्याचं आहे का हे बघावं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. चहा आणि चहाची पावडर 30 व्या वर्गात येते, चहाचं दुकान चालवण्याची सेवा 43 व्या वर्गात. फ्रँचायझीला दुसरा वर्ग जास्त महत्त्वाचा. नावापुढे ‘टीएम’ छापलं म्हणजे नोंदणी झाली असं नसतं. वर्तुळातला ‘आर’ असेल तर नोंदणी झाल्याचा दावा असतो, तोही पडताळून घ्यावा. शोधात ‘रजिस्टर्ड’ दिसलं तर ठीक. ‘ऑब्जेक्टेड’ किंवा ‘अपोज्ड’ दिसलं तर नोंदणी कार्यालयाने हरकत घेतली आहे किंवा दुसऱ्या कुणी विरोध केला आहे, आणि उद्या पाटी उतरवायची वेळ आपल्यावर येऊ शकते. ‘अमृततुल्य’, ‘कटिंग’, ‘कडक’ असे सगळ्यांचे शब्द असलेल्या नावांबाबत हे विशेष बघावं. जीएसटीच्या संकेतस्थळावर ब्रँडचा क्रमांक टाकला की नोंदणी कधीची आहे आणि विवरणपत्रं वेळेवर भरली आहेत का हे दिसतं. ‘दहा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली तर त्याचं कारण विचारायचा हक्क आपल्याला आहे.

याच टप्प्यावर साफ खोटी पत्रंही गळून पडतात. प्रसिद्ध ब्रँडच्या नावाने फुकटच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं पत्र, भेटीआधीच ‘परत मिळणारी नोंदणी फी’ मागणारा फोन, आणि कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीच्या नावाचं खातं, या तिन्हींपैकी एक दिसलं तरी पुढे जाऊ नये. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावं. जितका उशीर तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

गाळा आपला असल्यामुळे करारात एक कलम भाडेकरूपेक्षा आपल्याला जास्त जाचतं. करार संपल्यावर दोन वर्षं ‘या जागेत’ चहा-नाश्त्याचा कोणताही धंदा करायचा नाही किंवा करू द्यायचा नाही, असं ते असतं. भाड्याने जागा घेतलेला माणूस शेजारच्या रस्त्यावर जाईल. मालक मात्र आपला गाळा उचलून कुठे नेणार? करार चालू असताना दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही ही अट न्यायालयात टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या 1995 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. करार संपल्यानंतरची बंदी मात्र करार कायद्याच्या 27 व्या कलमामुळे सहसा टिकत नाही. तरी कोर्टात टिकणार नाही म्हणून कागदावर राहू द्यावी असं नाही. पुढचा भाडेकरू तो कागद बघून परत जातो, आणि वाद सोडवायचं ठिकाण करारात दिल्ली किंवा बंगळूर लिहिलेलं असेल तर खरं-खोटं करायला साताऱ्याहून तिकडे खेटे घालावे लागतात. हे कलम सहीआधी खोडून घ्यावं आणि वादाचं ठिकाण आपल्या जिल्ह्यात आणावं.

‘आपल्या भागात एकच भागीदार’ हे आश्वासनही पत्रात असतं तितकं करारात क्वचित असतं. किती मीटरच्या आत दुसरं आउटलेट देणार नाही हे लिहिलेलं असावं, आणि त्यात हातगाडी, छोटी टपरी आणि घरपोच ऑर्डर पुरवणारं स्वयंपाकघरही धरलेलं असावं. नाहीतर चारशे मीटरवर त्याच ब्रँडची टपरी उभी राहते आणि ‘ते आउटलेट नाही, किऑस्क आहे’ असं उत्तर मिळतं.

उभारणीच्या साडेचार लाखांत काय येत नाही, हेही विचारून घ्यावं. पूर्वी कपड्याचं किंवा मोबाइलचं दुकान असलेल्या गाळ्यात मोरी नसते, धूर बाहेर काढायची सोय नसते, आणि फ्रीज, मिक्सर, पंखे चालवायला मंजूर वीजभार पुरत नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा असेल तर धुराचा पाइप कुठून न्यायचा यावरून पहिल्याच महिन्यात भांडण होतं. याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि तो जागेचा खर्च म्हणून मालकाच्याच माथी येतो. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवानाही दर जागेचा स्वतंत्र लागतो. ब्रँडच्या मुख्य कार्यालयाचा क्रमांक पाटीवर लिहून चालत नाही.

एवढं सगळं बघितल्यावर ‘नको’ म्हणणं सोपं आहे. पण गाळामालकापुढे फ्रँचायझी घ्या किंवा सोडा, एवढे दोनच रस्ते नसतात. ब्रँडला जागा हवी आहे, आणि जागा आपल्याकडे आहे. तेव्हा पत्राला असं उत्तर देता येतं: ‘आपण स्वतः दुकान चालवा. मी जागा देतो. दरमहा 18 हजार रुपये किंवा विक्रीच्या दहा टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते मला द्या.’ मॉलमधल्या दुकानांचे करार अशाच तत्त्वावर होतात, त्यामुळे ब्रँडला हे नवं नसतं.

हिशेब करून बघा. 350 कपांना विक्री 1,26,000, दहा टक्के होतात 12,600. मालकाला 18 हजार मिळतात. 500 कपांना विक्री 1,80,000, दहा टक्के बरोबर 18 हजार. 600 कपांना 21,600. म्हणजे पाचशे कपांपर्यंत ब्रँड नेहमीचं भाडंच देतो, आणि दुकान पत्रात लिहिल्याप्रमाणे खरोखर चाललं तरच 3,600 रुपये जास्त देतो. ज्याचा स्वतःच्या 600 कपांवर विश्वास आहे त्याला ही अट जड जाऊ नये. काही ब्रँड भांडवल नसल्यामुळे नाही म्हणतील, ते खरंही असेल. त्यांना मधला मार्ग सुचवता येतो: उभारणीचा अर्धा खर्च ब्रँडने करायचा, फी पहिल्या वर्षानंतर विक्रीतून हप्त्याने द्यायची. यालाही नकार आला तर जोखमीतला काहीच वाटा ब्रँड उचलायला तयार नाही, हे कळून येतं.

ब्रँड तयार झाला तर जागेचा कागद आणि धंद्याचा कागद वेगळा ठेवावा. फ्रँचायझीच्या करारातच ‘जागेचा ताबा कंपनीकडे’ असं एखादं वाक्य घालून किल्ली देऊ नये. जागेसाठी लिव्ह अँड लायसन्सचा स्वतंत्र करार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 55 व्या कलमाप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. विक्रीच्या टक्क्यासाठी बिलिंग यंत्राचा महिन्याचा अहवाल मालकाच्या ईमेलवर आपोआप यावा अशी अट घालावी. आणि त्याच्या शेजारी पावडरीची बिलं मागून घ्यावीत: किलोला चारशे कपांच्या हिशेबाने अहवालातली विक्री जुळते का, हे दर महिन्याला पाच मिनिटांत बघता येतं.